बागेतला फोटो कार्यालयापर्यंत: कमकुवत नेटवर्कवर फोटो पाठवणाऱ्या ॲपच्या आत काय घडते

काटोल आणि नरखेड तालुक्यांतील संत्र्याच्या बागांत आंबिया बहाराची फळगळ ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, म्हणजे ऐन पावसात, वाढते. या काळात नागपूरच्या एखाद्या कार्यालयाने फळगळीच्या पाहणीसाठी एक ॲप तयार करून घेतले आहे, असे उदाहरणापुरते समजू. पाहणी करणारी व्यक्ती दिवसभरात १५ बागांत जाते आणि प्रत्येक बागेत ४ फोटो काढते: संपूर्ण झाडाचा, झाडाखाली पडलेल्या फळांचा, एका फळाच्या देठाकडच्या भागाचा आणि पानांचा. संध्याकाळी हे ६० फोटो कार्यालयातल्या संगणकावर दिसायला हवेत. पण काही फोटो दिसतच नाहीत, काही दोनदा दिसतात आणि काही आडवे पडलेले असतात.

याचे कारण विचारले की ‘तिकडे रेंज नव्हती’ असे सांगितले जाते. रेंज नसल्यामुळे फोटो उशिरा पोचू शकतो, हे खरे आहे. परंतु फोटो हरवणे, दोनदा उमटणे किंवा आडवा पडणे यांची कारणे नेटवर्कमध्ये नसून ॲपच्या रचनेत असतात, आणि ती एकेक करून दूर करता येतात. येथे अँड्रॉइड फोन समोर ठेवून हा सगळा प्रवास पाहू, कारण क्षेत्रीय कामात तोच फोन अधिक असतो.

बटण दाबल्यावर

ॲपमधून फोटो काढण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत ॲप फोनमधल्या मूळ कॅमेऱ्याला बोलावते, कॅमेरा फोटो काढतो आणि तो ॲपच्या हाती परत देतो. दुसऱ्या पद्धतीत ॲप स्वतःच्याच पडद्यावर कॅमेरा दाखवते. पहिली पद्धत बांधायला सोपी आहे आणि फोटोचा दर्जाही बहुधा चांगला मिळतो, कारण फोनच्या कंपनीने आपल्या कॅमेऱ्यासाठी केलेली सगळी सुधारणा तिथे आयती मिळते. मात्र तिच्यात एक अडचण दडलेली आहे. कॅमेरा उघडताच आपले ॲप मागे जाते, आणि कॅमेऱ्याला मेमरी भरपूर लागत असल्यामुळे कमी मेमरीच्या फोनवर अँड्रॉइड मागे गेलेले ॲप सरळ बंद करते. फोटो काढून झाल्यावर ॲप नव्याने सुरू होते, तेव्हा आपण कोणत्या बागेचा कितवा फोटो काढायला निघालो होतो हे त्याला आठवत नाही. वापरणाऱ्याला दिसते ते एवढेच, की फोटो काढला आणि भरलेला फॉर्म रिकामा झाला.

यावर उपाय असा, की कॅमेरा उघडण्यापूर्वीच ॲपने आपल्या डेटाबेसमध्ये त्या फोटोची एक नोंद करून ठेवावी. नोंदीत बागेचा क्रमांक, फोटोचा प्रकार, फाइलचा पत्ता आणि फोनवरच तयार केलेला एक अद्वितीय ओळख क्रमांक असावा. हा ओळख क्रमांक म्हणजे ३६ अक्षरांचा यूयूआयडी. तो तयार करण्यासाठी इंटरनेट लागत नाही, आणि दोन फोनांवर एकच क्रमांक निघण्याची शक्यता व्यवहारात शून्य मानता येते. पुढे फोटो दोनदा उमटण्याचा प्रश्न याच क्रमांकाने सुटणार आहे, म्हणून तो याच क्षणी, फोटोच्याही आधी, जन्माला यायला हवा. फाइलचा पत्ता कॅमेऱ्याला देणेही तितकेच आवश्यक आहे. तो दिला नाही, तर अँड्रॉइडचा कॅमेरा पूर्ण फोटोऐवजी एक छोटी प्रतिमा परत करतो. सगळे फोटो धूसर आणि टपाल तिकिटाएवढे येत असतील, तर आधी हीच जागा तपासावी.

ॲप बंद पडण्याची ही अडचण कार्यालयातल्या चांगल्या फोनवर कधीच दिसत नाही, त्यामुळे ती मुद्दाम घडवून आणावी लागते. फोनच्या डेव्हलपर पर्यायांत `Don't keep activities` नावाची एक कळ असते. ती चालू केली, की पडदा मागे जाताक्षणी त्याची तात्पुरती माहिती पुसली जाते. ही कळ चालू ठेवून ४ फोटोंचा एक संच पूर्ण काढता आला, तर नोंदींची रचना बरोबर आहे असे मानायला हरकत नाही. पाहणीच्या कामासाठी माझा कल ॲपच्या पडद्यावरच्या कॅमेऱ्याकडे आहे. फोटोचा दर्जा किंचित कमी मिळाला तरी चालतो, पण माणूस पावसात उभा असताना फॉर्म रिकामा होणे चालत नाही.

फाइल कुठे ठेवायची हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण फोटो हरवण्याचे ते एक मोठे कारण आहे. ॲपला मिळणाऱ्या जागेत एक भाग कॅशेचा असतो, आणि फोनमधली जागा संपत आली की तो भाग न विचारता रिकामा करण्याची मुभा अँड्रॉइडला असते. अजून न पाठवलेला फोटो तिथे ठेवला, तर तो एखाद्या दिवशी नाहीसा होतो आणि मागे केवळ डेटाबेसमधली नोंद उरते. न पोचलेला फोटो ॲपच्या कायमच्या जागेतच असला पाहिजे.

किती लहान करायचा

आजच्या साध्या फोनचाही फोटो साधारण १२ मेगापिक्सेलचा, म्हणजे ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा असतो आणि त्याची फाइल ३ ते ५ एमबीची होते. आपल्या उदाहरणात ती ४ एमबी धरू. ही फाइल तशीच पाठवायची नाही हे कोणालाही पटते, पण ती किती लहान करायची याचे उत्तर बरेच जण फाइलच्या आकारापासून शोधू लागतात. ते फोटोत दिसायला हव्या असलेल्या सर्वांत बारीक गोष्टीपासून शोधावे.

पानावरचा १ मिलिमीटरचा डाग तज्ज्ञाला ओळखता यायला हवा, असे समजा. डाग ओळखण्याइतपत दिसण्यासाठी त्याच्या रुंदीत निदान ३-४ पिक्सेल तरी पडायला हवेत. पानांचा फोटो जवळून घेतला आणि चौकटीत ३० सेंटिमीटर रुंदीचा भाग आला, तर १६०० पिक्सेल रुंदीच्या फोटोत प्रत्येक मिलिमीटरला सुमारे ५ पिक्सेल मिळतात, म्हणजे डाग दिसतो. तोच डाग २ मीटर रुंदीच्या झाडाच्या फोटोत शोधायचा म्हटले, तर १६०० पिक्सेलमध्ये त्याच्या वाट्याला एक पिक्सेलही येत नाही, आणि मूळ ४००० पिक्सेल ठेवले तरी केवळ दोन येतात. याचा अर्थ असा, की झाडाचा फोटो मोठा पाठवून डाग दिसणार नाहीत. त्यासाठी जवळून घेतलेला वेगळा फोटोच लागेल. एकदा हे लक्षात आले, की चारही फोटोंची लांब बाजू १६०० पिक्सेल ठेवायला हरकत राहत नाही.

आता लहान करण्याची क्रिया. फाइल ४ एमबीची असली, तरी ती उघडल्यावर प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात, त्यामुळे ४००० गुणिले ३००० चा फोटो मेमरीत ४ कोटी ८० लाख बाइट, म्हणजे सुमारे ४६ एमबी व्यापतो. असे दोन-तीन फोटो एकदम उघडले, की कमी मेमरीच्या फोनवर ॲप कोलमडते. ‘तिसऱ्या-चौथ्या फोटोला ॲप बंद पडते’ अशी तक्रार आली, तर बहुधा हेच झालेले असते. यावर उपाय म्हणजे फोटो पूर्ण उघडायचाच नाही. आधी त्याची केवळ लांबी-रुंदी वाचायची आणि मग अँड्रॉइडच्या `inSampleSize` या पर्यायाला २ हे मूल्य देऊन तो अर्ध्या मापात उघडायचा. त्यामुळे २००० गुणिले १५०० चा फोटो मेमरीत येतो आणि त्याला एक चतुर्थांश, म्हणजे साडेअकरा एमबी पुरते. तिथून तो १६०० गुणिले १२०० वर आणायचा. हे मूल्य २, ४, ८ अशा पटींतच चालते, म्हणून हे काम दोन पायऱ्यांत करावे लागते. शिवाय एका वेळी एकच फोटो लहान करावा. दिवसभर कॅमेरा वापरून फोन आधीच तापलेला असतो आणि तापलेला फोन स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो, त्यामुळे घाईने चार फोटो एकदम हाताळून वेळ वाचत नाही.

माप ठरल्यावर जेपीईजीचा दर्जा ठरवायचा. जेपीईजी चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे तुकडे पाडते आणि प्रत्येक तुकड्यातील बारीक चढउतार, जे डोळ्यांना कमी जाणवतात, ते ढोबळ करून टाकते. दर्जाचा आकडा ही ढोबळपणाची पातळी आहे. ती टक्केवारी नव्हे, आणि ८० म्हणजे वीस टक्के माहिती गेली असे तिच्यातून काढता येत नाही. म्हणूनच एकाच आकड्याला वेगवेगळ्या फोटोंच्या फाइली फार वेगळ्या आकाराच्या होतात. पानांनी गच्च भरलेल्या झाडाच्या फोटोत प्रत्येक तुकड्यात चढउतार असतात, त्यामुळे त्याची फाइल मोठी होते. मागे मोकळे आभाळ असलेले एकटे फळ तेवढ्याच दर्जाला कितीतरी लहान फाइलीत बसते. एकच आकडा ठरवून टाकण्यापेक्षा ॲपने आधी ८० ने फाइल तयार करावी, ती ४०० केबीच्या वर गेली तर ७० ने, मग ६० ने करून पाहावी, आणि तरीही मोठीच राहिली तर दर्जा आणखी न पाडता लांबी-रुंदी कमी करावी. साठाच्या खाली पानांच्या कडांभोवती चौकटी दिसू लागतात आणि त्यांना डाग समजण्याचा धोका निर्माण होतो. दर वेळी नवी फाइल मूळ फोटोवरूनच करायची, आधी लहान केलेल्या फाइलीवरून करायची नाही, कारण जेपीईजीवर पुन्हा जेपीईजी केले की आधीच्या ढोबळपणावर नव्या ढोबळपणाची भर पडते. आपल्या उदाहरणात प्रत्येक फोटो सरासरी ३०० केबीचा झाला, असे धरू.

आडव्या फोटोंचा उलगडा याच टप्प्यावर होतो. फोन उभा धरून काढलेला फोटोही अनेक फोन आडवाच साठवतात आणि फाइलीच्या एक्झिफ नावाच्या माहिती-भागात ‘दाखवताना ९० अंशांनी फिरवा’ अशी सूचना लिहितात. तिथे `Orientation` या नोंदीचे मूल्य ६ असते. ॲपने फोटो उघडून नव्याने साठवला, की पिक्सेल तसेच राहतात पण एक्झिफचा भाग गळून पडतो, आणि फोटो आडवा दिसू लागतो. काही फोन मात्र पिक्सेलच फिरवून साठवतात, त्यामुळे हा दोष ठरावीक फोनांवरच दिसतो आणि ज्याने ॲप तयार केले त्याच्या फोनवर नेमका दिसत नाही. उपाय सोपा आहे: ही नोंद आधी वाचावी, पिक्सेल त्याप्रमाणे फिरवावेत आणि नव्या फाइलीत मूल्य १ लिहावे. पिक्सेल फिरवून जुने ६ तसेच ठेवले, तर फोटो दोनदा फिरतो.

एक्झिफसोबत फोटोचे ठिकाण आणि वेळही गळून पडतात. ती जपायची म्हणून एक्झिफवर विसंबणे मला योग्य वाटत नाही. कॅमेऱ्यात ठिकाण नोंदवण्याची सोय बंद असेल, तर ते मुळात नसतेच, आणि अँड्रॉइड १० पासून गॅलरीतला फोटो वाचताना वेगळी परवानगी नसेल, तर ठिकाण झाकले जाते. फोटो काढताना ॲपने ठिकाण आणि वेळ स्वतः नोंदवून डेटाबेसमध्ये ठेवावीत, म्हणजे फोटो कितीही वेळा लहान केला तरी ती कायम राहतात.

पाठवताना काय बिघडते

फोनवर रेंज दिसते, बातम्या उघडतात, मग फोटो का जात नाही, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. फोनच्या पडद्यावर दिसणारी रेंज ही टॉवरकडून फोनकडे येणाऱ्या सिग्नलची असते. टॉवर दहा-वीस किंवा त्याहून अधिक वॉटच्या शक्तीने प्रसारण करतो, तर फोरजी फोनची कमाल शक्ती साधारण ०.२ वॉट असते. टॉवरपासून दूर, ओल्या पानांच्या दाट बागेत उभे राहिल्यावर टॉवरचा आवाज फोनपर्यंत येतो, पण फोनचा आवाज टॉवरपर्यंत जेमतेम जातो. त्यामुळे तिथे डाउनलोड बऱ्यापैकी चालत असतानाही अपलोड रखडते.

अशा बागेत अपलोडचा वेग सेकंदाला १०० किलोबिट आहे आणि जोडणी सरासरी मिनिटाला एकदा तुटते, असे समजू. एका बाइटमध्ये ८ बिट असतात, म्हणून ४ एमबीच्या मूळ फोटोला ३२० सेकंद लागतील आणि ३०० केबीच्या फोटोला २४ सेकंद. तुटणे यदृच्छेने होत असेल, तर सलग ३२० सेकंद जोडणी टिकण्याची शक्यता दोनशेत एक एवढीच राहते, आणि २४ सेकंद टिकण्याची सुमारे दोन-तृतीयांश. तुटल्यावर पुन्हा पहिल्यापासून पाठवणारे ॲप मूळ फोटो दिवसभर पाठवत राहील, डेटा आणि बॅटरी संपवील, आणि तरीही साठांपैकी बहुतेक फोटो पोचणार नाहीत. लहान केलेला फोटो मात्र सरासरी दीड प्रयत्नांत पोचतो. फाइल तेरा पटींनी लहान केल्यावर यशाची शक्यता तेरा पटींनीच वाढते असे नाही. ती शंभर पटींहून अधिक वाढते. म्हणूनच पाठवण्याच्या हुशार युक्त्या शोधण्याआधी फोटो लहान करावा, असा माझा आग्रह आहे.

फोटो काढणे आणि पाठवणे ही दोन कामे पूर्णपणे वेगळी असली पाहिजेत. ‘जतन करा’ दाबल्यावर पडदा गोल फिरत राहतो आणि माणूस झाडाखाली थांबतो, ही रचना सर्वांत वाईट. फोटो फाइलीत उतरला आणि डेटाबेसमध्ये ‘पाठवायचा आहे’ अशी नोंद झाली, की वापरणाऱ्याचे काम संपले. पुढचे काम अँड्रॉइडच्या वर्कमॅनेजरकडे सोपवावे. ॲप बंद झाले किंवा फोन बंद करून पुन्हा चालू केला, तरी वर्कमॅनेजर सोपवलेले काम लक्षात ठेवतो आणि नेटवर्क आले की सुरू करतो.

```kotlin
val request = OneTimeWorkRequestBuilder<UploadWorker>()
    .setInputData(workDataOf("photoId" to photoId))
    .setConstraints(Constraints.Builder()
        .setRequiredNetworkType(NetworkType.CONNECTED).build())
    .setBackoffCriteria(BackoffPolicy.EXPONENTIAL, 30, TimeUnit.SECONDS)
    .build()
WorkManager.getInstance(context)
    .enqueueUniqueWork(photoId, ExistingWorkPolicy.KEEP, request)
```

शेवटच्या ओळीत फोटोचा ओळख क्रमांकच कामाचे नाव म्हणून दिला आहे, त्यामुळे एका फोटोसाठी दोन कामे रांगेत लागत नाहीत. नेटवर्कच्या अटीत `CONNECTED` ऐवजी `UNMETERED` लिहिण्याचा मोह होतो, म्हणजे वायफाय मिळेल तेव्हाच फोटो जाईल आणि डेटा वाचेल. पण ज्याच्या घरी वायफाय नाही, त्याचे फोटो मग कधीच जाणार नाहीत.

प्रयत्न फसला, की वर्कमॅनेजर ३० सेकंदांनी पुन्हा प्रयत्न करतो, मग एका मिनिटाने, मग दोन मिनिटांनी, असे अंतर दुप्पट करत नेतो. हे योग्यच आहे. पण नऊ प्रयत्न फसले, की पुढचे अंतर दोन तासांच्या वर जाते. माणूस संध्याकाळी नागपूरला परततो, फोनला उत्तम नेटवर्क मिळते, आणि ॲप मात्र पुढच्या प्रयत्नाची वेळ होईपर्यंत गप्प बसून राहते. वापरणाऱ्याला वाटते, की ॲप बिघडले. यासाठी ॲप उघडताच, तसेच ‘आता पाठवा’ या बटणावर, थांबलेली कामे `REPLACE` धोरणाने नव्याने रांगेत लावावीत, म्हणजे अंतर पुन्हा ३० सेकंदांपासून मोजले जाते. वापरणाऱ्याने सेटिंगमधून ॲप `Force stop` केले असेल, तर ते पुन्हा उघडेपर्यंत पार्श्वभूमीतले काही चालत नाही, आणि काही कंपन्यांच्या फोनांत बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली जवळजवळ हेच आपोआप होते. म्हणून ‘दिवस संपल्यावर एकदा ॲप उघडा’ ही सूचना पथकाला द्यावीच लागते.

एक फोटो दोनदा का उमटतो

माझ्या मते या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे. फोनने २४ सेकंद खर्चून फोटो पाठवला, सर्व्हरला तो पूर्ण मिळाला, सर्व्हरने तो साठवला आणि ‘मिळाला’ असे उत्तर पाठवले. नेमकी त्याच क्षणी जोडणी तुटली. फोनला उत्तर मिळाले नाही. फोटो वाटेत हरवला की उत्तर वाटेत हरवले, हे फोनला बसल्या जागी ओळखता येत नाही, आणि कितीही चांगला प्रोग्रॅमर असला तरी त्याला फोनच्या बाजूने हा फरक ओळखणारे काही लिहिता येणार नाही. फोनपुढे दोनच मार्ग उरतात. पुन्हा न पाठवावे, तर फोटो हरवण्याची भीती. पुन्हा पाठवावे, तर तो दोनदा उमटण्याची भीती.

सुटका सर्व्हरच्या बाजूने होते. फोन प्रत्येक वेळी तोच ओळख क्रमांक पाठवतो, आणि सर्व्हर त्या क्रमांकाचा फोटो आपल्याकडे आहे का ते आधी पाहतो. असेल, तर नवी नोंद न करता तो पहिल्या वेळचेच उत्तर पुन्हा देतो. मग फोनने एकच फोटो दहा वेळा पाठवला तरी नोंद एकच राहते. हे साधण्यासाठी क्रमांक फोनवर तयार व्हावा लागतो. तो सर्व्हरने द्यायचा ठरवला, तर प्रत्येक प्रयत्नाला नवा क्रमांक मिळतो आणि ओळखीचा धागाच तुटतो. सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये या रकान्यावर एकमेवतेचे बंधन घालायला विसरू नये, कारण फसलेला समजला गेलेला पहिला प्रयत्न आणि दुसरा प्रयत्न कधीकधी एकाच वेळी सर्व्हरवर चालू असतात, आणि दोघांनाही ‘असा फोटो नाही’ असेच दिसते.

उत्तर कधी द्यायचे हेही ठरलेले असावे. सर्व्हरने फाइल साठवून आणि डेटाबेसमध्ये नोंद करून झाल्यावरच पोचपावती द्यावी, आणि तिच्यात मिळालेल्या बाइटांची संख्या व फाइलीच्या बाइटांवरून काढलेला `SHA-256` ठसा पाठवावा. फोन तो आपल्याकडच्या ठशाशी ताडून पाहतो आणि जुळला तरच नोंद ‘पोचला’ अशी बदलतो. अर्धवट पोचलेला, खालचा भाग करडा दिसणारा फोटो याच तपासणीत पकडला जातो.

सगळी अपयशे मात्र सारखी नसतात. वेळ संपली, जोडणी तुटली किंवा सर्व्हरने `503` उत्तर दिले, तर पुन्हा प्रयत्न करणे बरोबर आहे. `401` आले तर लॉगिनची मुदत संपलेली असते. आधी तिचे नूतनीकरण करावे लागते. `413` म्हणजे फाइल सर्व्हरच्या मर्यादेपेक्षा मोठी आहे, आणि ती कितीही वेळा पाठवली तरी उत्तर बदलणार नाही. एनजिनएक्स या प्रचलित वेब सर्व्हरमध्ये ही मर्यादा, म्हणजे `client_max_body_size`, मुळात १ एमबी एवढीच असते. लहान केलेले सगळे फोटो सुरळीत जातात, आणि एखाद्या फोनवर फोटो लहान करण्याची क्रिया फसून मूळ ४ एमबीची फाइल रांगेत आली, की ती तिथेच अडकते. रांग एकामागून एक अशी असेल, तर मागचे सगळे फोटोही अडकतात. अशा फोटोला बाजूला काढून ‘लक्ष द्यावे लागेल’ असे दाखवावे आणि रांग पुढे चालू द्यावी.

तुकड्यातुकड्याने पाठवणे कधी लागते

वर धरलेल्या वेगाला ३०० केबीचा फोटो अखंड पाठवणे पुरेसे आहे, आणि ज्यांना तुकड्यांची गुंतागुंत टाळता येईल त्यांनी ती टाळावी. परंतु फोन टूजीवर घसरला आणि वेग सेकंदाला २० किलोबिटवर आला, तर त्याच फोटोला २ मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ जोडणी टिकण्याची शक्यता सातात एकच्या आसपास उरते. अशा ठिकाणी ६४ केबीचे तुकडे उपयोगी पडतात. एका तुकड्याला सुमारे २६ सेकंद लागतात आणि तो जाण्याची शक्यता पुन्हा दोन-तृतीयांशाच्या जवळ येते. गेलेला तुकडा वाया जात नाही, हा खरा फायदा.

यासाठी `tus` नावाची एक खुली पद्धत उपलब्ध आहे. तिच्यात फोन आधी सर्व्हरला विचारतो, की तुझ्याकडे किती बाइट आले आहेत, आणि मग तेथून पुढे पाठवतो.

```
HEAD /files/7c1e
Tus-Resumable: 1.0.0
  -> Upload-Offset: 131072

PATCH /files/7c1e
Tus-Resumable: 1.0.0
Upload-Offset: 131072
Content-Type: application/offset+octet-stream
```

येथे सर्व्हरकडे १२८ केबी आधीच आहेत, आणि फोन त्यापुढचा भाग पाठवत आहे. किती पोचले याचा हिशोब फोनने आपल्या मनाने धरायचा नाही. तो दर वेळी सर्व्हरलाच विचारायचा, कारण हरवलेल्या उत्तराचा वर सांगितलेला प्रश्न प्रत्येक तुकड्यालाही लागू पडतो. फोनने चुकीच्या जागेपासून पाठवायला घेतले, तर सर्व्हर `409` देऊन नकार देतो. ॲमेझॉनच्या एस३ साठवणुकीतही तुकड्यांची सोय आहे, पण तिथे शेवटचा तुकडा वगळता प्रत्येक तुकडा किमान ५ एमबीचा असावा लागतो. ती मोठ्या व्हिडिओंसाठी योग्य आहे. ३०० केबीच्या फोटोला तिचा काही उपयोग नाही.

तपासणी आणि साफसफाई

विमान मोड चालू-बंद करून घेतलेली चाचणी या कामाला पुरत नाही. नेटवर्क अजिबात नसणे ही ॲपसाठी सोपी स्थिती आहे, कारण तेव्हा वर्कमॅनेजर कामच सुरू करत नाही. कठीण स्थिती ती, जिथे फोन जोडलेला दिसतो पण बाइट सरकत नाहीत. अँड्रॉइडचे इम्युलेटर `-netspeed edge -netdelay edge` असे सुरू केले, तर संथ वेग तरी अनुभवता येतो. त्याहून महत्त्वाची चाचणी सर्व्हरवर करायची: फोटो साठवल्यानंतर आणि उत्तर देण्यापूर्वी सर्व्हरला मुद्दाम जोडणी तोडायला लावायचे, आणि फोनने पुन्हा पाठवल्यावर नोंदी मोजायच्या. एकच नोंद असली पाहिजे. ॲप पाठवत असताना ते अचानक बंद करूनही पाहावे; पुन्हा उघडल्यावर ‘पाठवत आहे’ अवस्थेत अडकलेल्या नोंदी आपोआप ‘पाठवायचा आहे’ मध्ये परत आल्या नाहीत, तर ते फोटो कायमचे तिथेच राहतील.

वापरणाऱ्याला पडद्यावर ‘६० पैकी ५२ पोचले, ८ या फोनमध्ये आहेत’ असे स्पष्ट दिसावे. त्याखाली न पोचलेल्यांपैकी कोणता फोटो का थांबला आहे, तेही मराठीत लिहावे. फोनमध्ये जागा कमी पडली म्हणून माणूस ॲपचा डेटा पुसायला जातो, तेव्हा हाच आकडा त्याला थांबवतो.

जागेचा हिशोब तसा फार मोठा नाही. मूळ ६० फोटो दिवसाला २४० एमबी घेतात, लहान केलेले १८ एमबी. लहान प्रत पोचपावती जुळताच पुसता येते. मूळ फोटो मात्र आठवडाभर ठेवावेत, कारण एखाद्या पानाचा फोटो अस्पष्ट आहे असे तज्ज्ञाने कळवले, तर मूळ फोटोतून तेवढाच भाग कापून पुन्हा पाठवता येतो. सहा दिवसांच्या पाहणीचे मूळ फोटो दीड जीबीच्या आत बसतात. फोनमध्ये तेवढी जागा नसेल, तर ॲपने ते सकाळी निघतानाच सांगावे, बागेत पोचल्यावर नव्हे.